‘ते’ म्हणजे कोण?

(प्रस्तावना)

या पुस्तकाच्या पहिल्या मसुद्यात एक नवरा फार मायाळू होता. बीड जिल्ह्यातून कृष्णाकाठच्या कारखान्याला ऊसतोडीसाठी गेलेली त्याची बायको तापाने फणफणली होती, पहाटे तीनला उठायचं तिच्याने होईना. उतरवलेल्या प्रतीत वाक्य होतं : “ते म्हणाले, तू झोप, मीच जातो फडात.” त्यावर मी अर्धं पान लिहिलं होतं. कष्टाच्या संसारातला जिव्हाळा वगैरे. छापायला द्यायच्या आधी मूळ ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकलं तेव्हा ऐकू आलं, “ते म्हनलं, तू नीज, मीच जातो फडात.” दहा ओळी आधी तिने ‘पोरगं’ म्हटलं होतं. बोलणारा नवरा नव्हता, दहा वर्षांचा मुलगा होता. नवरा त्या दिवशी कुठे होता हे तिने सांगितलंच नव्हतं.

चूक मुलाखत उतरवणाऱ्या मुलीची होती, असं मला म्हणता येत नाही. शाळेत तिला शिकवलं तसंच तिने लिहिलं. बोलण्यातलं ‘म्हणालं’ लेखी प्रमाण मराठीत ‘म्हणाले’ होतं, ‘केलं’चं ‘केले’ होतं, आणि आदरार्थी अनेकवचनही ‘म्हणाले’च असतं. बोलताना नपुंसकलिंगी पोर आणि आदरार्थी नवरा वेगळे ऐकू येतात. कागदावर शुद्धलेखन त्यांना एक करून टाकतं. एका अनुस्वाराने मुलाची मजुरी पुसली आणि नवऱ्याला माया बहाल केली. ही प्रस्तावना मी मुद्दाम बोलीतल्या अनुस्वारांनी लिहीत आहे, त्याला हेही एक कारण आहे.

मुलाखतींच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिताना विषयाची ओळख करून द्यायची रीत आहे. ऊसतोडीबद्दल या बायकांनी स्वतःच पुढे एवढं सांगितलं आहे की त्यावर मी काही चढवणं बरं नव्हे. मला सांगायचं आहे ते त्यांचा आवाज आणि तुमच्या हातातला कागद यांच्या मधल्या जागेबद्दल. त्या जागेत आम्ही दोन कामं केली, ऐकलेलं उतरवलं आणि उतरवलेल्यातल्या माणसांना लपवलं. ही दोन कामं वेगळी आहेत असं आम्ही सुरुवातीला धरून चाललो होतो. आधी सगळं नीट उतरवायचं, मग शेवटी नावं बदलायची. तसं होत नाही, कारण बाई जे सांगते त्याचा अर्थ बहुतेक वेळा नेमका तिथेच बसलेला असतो जिथे तिची ओळख बसलेली असते. नाव, नातं, गाव, रक्कम, साल. ओळख काढायला जावं तर अर्थाचंही साल निघतं.

आधी उतरवण्याचं बघू. बोललेलं कसं लिहावं याच्या सर्वांत बारीक खुणा गेल जेफरसन यांनी घडवल्या. हार्वी सॅक्स आणि इमॅन्युएल शेग्लॉफ यांच्यासोबत त्या कॅलिफोर्नियात संभाषणांचा अभ्यास करत होत्या, आणि संभाषणात पाळी कशी बदलते यावरचा या तिघांचा १९७४ सालचा लेख त्या विषयातला पायाचा दगड मानला जातो. जेफरसनच्या पद्धतीत विराम सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत मोजतात, दोघं एकदम बोलली तर चौकटी कंसाने दाखवतात, स्वर लांबवला तर विसर्गासारखे दोन ठिपके देतात, मोठ्याने बोललेला शब्द इंग्रजी मोठ्या लिपीत लिहितात. देवनागरीत हे जसंच्या तसं आणायला गेलं की गंमत होते. आपल्याकडे मोठी लिपी नाही. दोन ठिपके दिले की वाचणारा विसर्ग वाचतो. उलट लांबवलेल्या स्वरासाठी आपल्याकडे अवग्रह आयता आहे, ‘लईऽऽ’ लिहिलं की कुणालाही कळतं. आम्ही तो घेतला. जोर दिलेल्या शब्दासाठी अधोरेखन घेतलं. विराम दोन सेकंदांपेक्षा मोठा असेल तरच मोजला आणि गोल कंसात आकडा लिहिला. हसणं, रडणं, आवाज खाली जाणं शब्दांत लिहिलं. एवढ्याच खुणा.

याहून जास्त खुणा का नाहीत, असं एका जाणकार मित्राने विचारलं. दोन माणसं एकमेकांची पाळी कशी ओळखतात हे शोधायचं असतं तर दहाव्या सेकंदाला किंमत आली असती. आम्हाला शोधायचं होतं कर्ज, दुखणं आणि घर यांबद्दल बायका काय सांगतात. अशा पुस्तकात प्रत्येक ‘अं’ आणि अडखळ छापली की शिकलेला वाचक ती बाई अडाणी असल्यासारखी वाचतो. तोच वाचक स्वतःचं बोलणं तसं उतरवून बघेल तर हादरेल. एलिनॉर ऑक्स यांनी १९७९ मध्ये दाखवून दिलं की उतरवताना काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे ठरवणं म्हणजेच एक सिद्धान्त मांडणं. आम्ही ‘अं’ सोडले, विराम ठेवले. हा आमचा पक्षपात आहे आणि तो उघड आहे.

बोली मात्र सोडली नाही. ‘न’चा ‘ण’ केला नाही, ‘मंग’चं ‘मग’ केलं नाही. धंद्याचे शब्द तर हात न लावता ठेवले. ‘कोयता’ म्हणजे इथे हत्यार नव्हे, नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती कोयत्याला देतो, म्हणजे दोघांना मिळून. एकटा माणूस असला तर तो ‘अर्धा कोयता’. उतरवणाऱ्या एकीने समासात लिहिलं होतं, ‘अर्धा म्हणजे मोडका?’ प्रश्न चुकीचा होता पण विचारला हे फार बरं झालं. दुसऱ्या एका प्रतीत न विचारता ‘उचल’च्या जागी ‘अग्रिम रक्कम’ आणि ‘खाडा’च्या जागी ‘गैरहजेरी’ आलं होतं. गैरहजेरी हजेरीपटावर लागते. खाडा अंगावर पडतो, त्याचे पैसे मुकादम कापून घेतो. दोन्ही शब्दांत काम न केलेला दिवसच आहे, पण एकीकडे नोकरी आहे आणि दुसरीकडे कर्ज.

आता उदाहरण. मूळ मुलाखत आणि बदललेली मुलाखत शेजारी शेजारी छापून आम्ही काय केलं ते दाखवणं सोपं झालं असतं, पण मग बदलण्याला अर्थच उरला नसता. म्हणून खालचा उतारा कुणाचाच नाही. तो या प्रस्तावनेसाठी मी रचला आहे. त्यातला पेच मात्र आमच्यासमोर खराच आला होता.

मुलाखत घेणारी : मग पिशवी काढायचं कसं ठरलं?

ती : (४) काय ठरायचंय. लईऽ दुखायचं. खाडा पडायचा. पाचशे रुपये, एका खाड्याला. (२) ते म्हनले, काढूनच टाक, रोजचं मरण कशाला. मंग काढली. (हसते) आता बरंय. म्हंजे... बरंच म्हनायचं.

मुलाखत घेणारी : ते म्हणजे?

ती : मामा. मुकादम मामाच हाय ना माझा, आईचा भाऊ. त्यानंच दिले दवाखान्याचे पैसे. (आवाज खाली) उचलीत लावले.

हाच मजकूर शुद्ध करून, थोडक्यात, अहवालाच्या भाषेत लिहिला तर असा होईल : ‘गर्भाशयाच्या वारंवार वेदनांमुळे कामात खंड पडून दंड भरावा लागत असे. पतीच्या सल्ल्याने शस्त्रक्रिया करून घेतली. आता प्रकृती बरी आहे.’ अशी वाक्यं मी अनेक अहवालांत वाचली आहेत, आणि पूर्वी लिहिलीही आहेत. यात तीन ठिकाणी बाई हरवली. ‘आता बरंय’ नंतरचं ‘बरंच म्हनायचं’ गेलं, म्हणजे तिचा नकार गेला. ‘पिशवी’चं ‘गर्भाशय’ झालं. पिशवी काढून टाकण्याजोगी वस्तू असते, रिकामी झाली की तिचं काम संपतं. हा शब्द तिने एकटीने केलेला नाही, सगळा भाग तसंच बोलतो. त्या शब्दामुळे तो निर्णय किती हलका करून तिच्यापुढे ठेवला गेला असेल, ते ‘गर्भाशय’ लिहिलं की दिसेनासं होतं.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. ‘ते म्हनले’ याचा ‘ते’ पती झाला. आपल्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, ‘ते’, ‘आमचे’, ‘पोरीचे पप्पा’ म्हणते. म्हणून बाईच्या तोंडी ‘ते’ आला की ऐकणारा कान आपोआप नवरा बसवतो. पण मुकादमही ‘ते’, डॉक्टरही ‘ते’, सासराही ‘ते’. मुलाखत घेणारीने पुढचा प्रश्न विचारला नसता तर आरोप चुकीच्या माणसावर गेला असता आणि ज्याने सल्ला देऊन, पैसे देऊन, ते पैसे पुन्हा कर्जात मांडले तो सुटला असता. यावरून आम्ही एक नियम केला आणि तो कसोशीने पाळला. सर्वनामाच्या जागी उतरवणारीने आपल्या मनाने कुणालाही बसवायचं नाही. मुलाखतीत खुलासा असेल तर तो तिथेच, तिच्याच शब्दांत. नसेल तर ‘ते’ तसाच राहील. या पुस्तकात असे सात-आठ ‘ते’ आहेत ज्यांचा मला आजही पत्ता नाही.

उताऱ्यात अजून एक बारीक गोष्ट आहे. आधी ‘ते म्हनले’, मग ‘त्यानंच दिले’. मामाचा आदर दोन वाक्यांत उतरला. मामाला एकेरीत बोलणं जवळिकीचंही असतं आणि रागाचंही. आम्ही कुठला अर्थ ते ठरवलं नाही, फक्त दोन्ही रूपं जशी होती तशी ठेवली. कुणी संपादक सुसंगतीच्या नादाने दोन्हीकडे ‘त्यांनी’ करेल याची मला एवढी धास्ती होती की मुद्रितं मी स्वतः तीनदा तपासली.

आता तिला लपवायचं आहे. वर्तमानपत्रांत कंसात ‘नाव बदलले आहे’ असं लिहितात आणि काम झालं असं मानतात. नाव बदलणं हा यातला सोपा भाग आहे, आणि तोही वाटतो तितका सोपा नाही. साठीच्या बाईला चतुरा किंवा कौसल्या शोभतं, पूजा शोभत नाही. आडनाव लावलं की जात येते, आणि ‘कर’ लागलेलं आडनाव गावही घेऊन येतं. म्हणून आम्ही आडनावं कुणालाच दिली नाहीत. जातीचा उल्लेख बाईने स्वतः केला तिथेच आहे. लग्नात नाव बदललेल्या बायकांना दोन नावं लागतात, कारण ‘सासरी मला त्या नावानं कुणी हाकच मारत नाई’ या वाक्याला माहेरच्या नावाशिवाय अर्थ नाही.

काही नावं स्वतःच गोष्ट असतात. मुलगाच हवा असताना झालेल्या मुलीला नकुसा नाव ठेवायची चाल आपल्याकडे होती. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा दोनशेहून अधिक मुलींना समारंभाने नवी नावं दिली गेली. नकुसा नावाची बाई आपल्या नावाबद्दल बोलत असेल तर तिला सुनीता करून काय उरणार? आधीची भावंडं वाचली नाहीत म्हणून धोंडू ठेवलेल्या माणसाला दगडू म्हणता येतं, कारण दोन्ही नावांमागचा विचार एकच आहे. नकुसाला तशी जोडी नाही. पण हे नाव त्या टापूत एकीचंच असतं असंही नाही, तेव्हा नाव ठेवून बाकीचे धागे बदलणं जास्त सुरक्षित ठरू शकतं. म्हणूनच पुस्तकात ‘सर्व नावे बदलली आहेत’ असं वाक्य नाही. कुठलं बदललं आणि कुठलं नाही हे मी सांगणार नाही.

आपलं नाव आपणच निवडा, असंही आम्ही बायकांना सुचवलं होतं. पुस्तकांत ही पद्धत आदराची मानली जाते. पहिल्या तिघींनी निवडलेली नावं ऐकून आनंद झाला. चौथीने निवडलेलं नाव तिच्या नणंदेचं निघालं, आणि नणंद त्याच टोळीत होती. त्यानंतर आधीच्या तीन नावांचीही चौकशी केली, तर एक मेलेल्या बहिणीचं होतं. माणूस मनातलं नाव निवडतो, आणि मनातलं नाव खऱ्या माणसाचं असतं. पुढे आम्ही चार-पाच नावं सुचवून त्यातलं निवडायला सांगितलं. दोघी म्हणाल्या, माझं खरंच छापा, मी कुणाला भिते? त्यांची हिंमत खोटी नव्हती. पण बाईचं खरं नाव छापलं की तिच्या गोष्टीतली सून, दीर, मुकादम सगळे ओळखू येतात, आणि त्यांनी होकार दिलेला नाही. ते या दोघींना समजावताना माझी दमछाक झाली. एकीला अजूनही पटलेलं नाही.

संगणकावर नावं बदलायची ती एकेक वाचून. आम्ही पहिल्या दोन मुलाखतींत शोधा-आणि-बदला चालवलं आणि फसलो. मराठी नाव विभक्ती लागली की रूप बदलतं. ‘सीता’ शोधली तर ‘सीतेला’, ‘सीतेचं’ आणि हाक मारलेली ‘सीते’ तशीच राहतात, म्हणजे खरं नाव पानोपान सांडलेलं. उलट बाजूने, ‘आशा’ नावाच्या बाईची ‘मीना’ केली तर गावातली आशा कार्यकर्ती मीना कार्यकर्ती झाली आणि ‘मी आशाच सोडलती’ याचं ‘मी मीनाच सोडलती’. हे वाक्य वाचून आम्ही हसलो, मग घाबरलो, कारण ते दुसऱ्यांदा वाचल्यावर लक्षात आलं होतं. तेव्हापासून नाव उतरवतानाच बदलायचं, बदललेल्या प्रत्येक तुकड्याभोवती चौकटी कंस ठेवायचा आणि छपाईच्या आधी नावांभोवतीचे सगळे कंस एकेक बघून काढायचे, असा शिरस्ता पडला. खरं नाव आणि दिलेलं नाव यांची यादी एकाच वहीत, हाताने लिहिलेली. ती वही आणि ध्वनिमुद्रणं एका घरात नाहीत. ध्वनिमुद्रणाच्या फाइलला बाईचं नाव द्यायची सवय सर्वांत आधी मोडावी लागली.

एवढं करूनही ज्याच्यापासून लपवायचं तो माणूस बहुधा आपल्याला वाटतो तो नसतोच. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या एका छोट्या गावाचा आर्थर विडिच आणि जोसेफ बेन्समन यांनी अभ्यास केला. १९५८ साली पुस्तक आलं. गावाला त्यांनी स्प्रिंगडेल हे नाव दिलं होतं, माणसांनाही दुसरी नावं दिली होती, आणि कुणी ओळखू येणार नाही असा शब्द गावाला दिला गेला होता. पुस्तकात गावचा कारभार पडद्याआडून चालवणाऱ्या मोजक्या माणसांचं वर्णन होतं. न्यूयॉर्क शहरातल्या वाचकाला त्यातलं कुणी कळलं नसेल. गावातल्या प्रत्येकाला सगळे कळले, कारण त्या गावात ती पदं धरून बसलेली माणसं तेवढीच होती. पुढच्या ४ जुलैच्या मिरवणुकीत गावकरी मुखवटे घालून, पुस्तकात त्यांना दिलेली खोटी नावं लावून गाड्यांवर बसले. शेवटी शेतात खत पसरायची गाडी होती, आणि तिच्यावर वाकलेला लेखकाचा पुतळा. मला या हकिकतीतला गावकऱ्यांचा विनोद फार आवडतो, आणि लेखकांबद्दल कणवही वाटते. त्यांनी नावं नीटच बदलली होती.

न्यूझीलंडचे मार्टिन टोलिच यांनी २००४ मध्ये या अडचणीला नाव दिलं, आतली गोपनीयता. बाहेरच्या वाचकापासून लपवणं वेगळं आणि ज्यांनी एकत्र आयुष्य काढलं त्यांच्यापासून लपवणं वेगळं. आमच्या बाईला पुण्यातल्या वाचकापासून काहीच धोका नाही. धोका आहे तो टोळीतून. दहा-पंधरा कोयत्यांची टोळी, एका पालाशेजारी दुसरं पाल. मुकादम कुणाचा सख्खा मामा आहे हे सगळ्यांना ठाऊक. पिशवी कुणाची कधी काढली हेही ठाऊक. तिला सीता म्हणा की मीना, ‘मुकादम मामाच हाय ना माझा’ एवढं वाक्य वाचलं की ती कोण हे टोळीतला कुणीही सांगेल, आणि पुढच्या हंगामाची उचल त्याच मामाच्या हातात आहे.

मग काय बदलायचं? आम्ही प्रत्येक तपशिलाला एकच प्रश्न लावला, या वाक्यात हा तपशील कशाला आहे. कारखान्याचं नाव इथे काहीच करत नाही, ते सरळ काढलं. दवाखान्याचं गाव काढलं. साल दोन-तीन वर्षांनी हलवलं, फक्त दुष्काळाचं वर्ष असेल तर हलवलं नाही, कारण त्या वर्षी उचल का वाढली ते वर्षातच आहे. मुलींची संख्या ‘तीन’ची ‘पोरीच पोरी’ केली. खाड्याचे पाचशे ठेवले, तो सगळ्या फडात चालणारा आकडा आहे. उचलीची नेमकी रक्कम ओळख पटवते, पण किती फिरली आणि किती राहिली हे प्रमाण तिच्या गोष्टीचा कणा आहे. म्हणून रक्कम बदलली, प्रमाण राखलं.

मामा राहिला. त्याचा चुलता करता येईल का, असा विचार आम्ही दोन दिवस केला. चुलता आणि पुतणी यांच्यामध्ये वाटणीची जमीन असते, गोष्ट भाऊबंदकीची होऊन बसते. मामाच्या घरी आपल्याकडे पोर सुट्टीला जातं, जावळ त्याच्या मांडीवर काढतात, लग्नात नवरीच्या पाठीशी तो उभा राहतो. ज्याने पाठीशी उभं राहायचं त्यानेच तिचं दुखणं उचलीत मांडलं, म्हणून तिचा आवाज खाली गेला. मामा बदलला तर तो खाली गेलेला आवाज कशासाठी हेच वाचकाला कळणार नाही. नातं बदलायचं नाही, हे मी या कामातून शिकलेलं सर्वांत पक्कं आहे.

तेव्हा नातं ठेवून बाईच काढली. असे उतारे तिच्या नावाच्या प्रकरणातून उचलले आणि पिशवीच्या प्रकरणात, सहाव्या, कुणाच्याही नावाशिवाय दिले. ‘एक बाई म्हणाली’ एवढंच. त्या प्रकरणात अनेक टोळ्यांमधल्या बायका एकत्र आहेत, मुकादम नात्यातला असलेल्याही एकाहून जास्त. याची किंमत आहे. दुसऱ्या एखाद्या प्रकरणात लहानपणीच्या मामाच्या गावाबद्दल, तिथल्या विहिरीबद्दल जीव लावून बोललेली बाई आणि सहाव्या प्रकरणातली एखादी बाई एकच असू शकते, आणि तो जोड वाचकाला कधीच दिसणार नाही. तो जोड दिसता तर पुस्तक जास्त चांगलं झालं असतं. दोन-तीन बायका मिसळून एक पात्र उभं करावं असंही सुचवलं गेलं. ते मी केलं नाही. मिसळलेल्या बाईने कुठलंच वाक्य म्हटलेलं नसतं, आणि असं पुस्तक कादंबरी म्हणून लिहावं. जिथे तपशील मुद्दाम धूसर केला आहे तिथे छापील प्रतीतही चौकटी कंस दिसेल. एवढी तरी फट वाचकाला दिसावी.

छापण्याआधी प्रत्येक मुलाखत त्या त्या बाईला वाचून दाखवली. बहुतेकींना वाचता येत नाही, त्यामुळे पट्टा पडून टोळ्या गावी परतल्यावर, दुपारी, घरात दुसरं कुणी नसताना. एकीने आपलं बदललेलं नाव ऐकून विचारलं, ही कोण? मग पुढचं ऐकत गेली आणि मध्येच म्हणाली, “हिचं बी माझ्यावानीच हाय की.” ती मुलाखत त्याहून पुढे बदलायची नाही असं आम्ही तिथेच ठरवलं. दोघींनी काही भाग काढायला सांगितला, काढला. कुठला ते अर्थातच लिहीत नाही.

सहाव्या प्रकरणातले उतारे पहिल्या आवृत्तीनंतर एखादीला काढावेसे वाटले तर पुढच्या आवृत्तीत ते नसतील, असं सगळ्यांना सांगितलं आहे. वही अजून आहे. दुसरी आवृत्ती निघाली की वही जाळायची आहे, आणि त्यानंतर मलाही कोण कुठली ते खात्रीने सांगता येणार नाही.

वाचकाला एक विनंती. तुम्ही त्या भागातले असाल, कारखान्यावर काम करत असाल किंवा टोळीच्या मुक्कामाशेजारी तुमचं शेत असेल, तर पुढे एखादी बाई तुम्हाला ओळखीची वाटेल. तुमचा अंदाज बरोबर असेल किंवा चुकलेला असेल. दोन्ही वेळा तिला विचारायला जाऊ नका.